रजेवर जाण्यापूर्वी लिहायच्या टिपणाविषयी

सप्रेम नमस्कार,

तू पाठवलेले टिपण दोनदा वाचले. अक्षर देखणे आहे, वेळापत्रक आहे, घटकांची यादी आहे आणि बहुतेक घटकांपुढे 'पूर्ण' असा शेराही आहे. मला अडचण वाटते ती नेमकी या शेऱ्याची. प्रसूतीच्या रजेत वर्ग काही महिने दुसऱ्याच्या हाती राहणार आहे आणि त्या व्यक्तीला तुझ्या 'पूर्ण'चा अर्थ विचारायला तू शेजारच्या वर्गात नसशील.

माझ्या पहिल्या रजेच्या वेळी मीही असेच लिहिले होते. 'भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज : पूर्ण.' उदाहरणसंग्रह संपला होता, वह्या तपासून झाल्या होत्या आणि वह्यांमधली उत्तरे बरोबर होती. ती फळ्यावरून उतरवलेली होती, हे मात्र मी टिपणात लिहिले नाही, कारण तेव्हा ते माझ्याही ध्यानात आले नव्हते. माझ्या जागी आलेल्या बाईंनी टिपणावर विश्वास ठेवून पुढचा घटक, म्हणजे अपूर्णांकांचा गुणाकार, सुरू केला. त्यात त्यांचे काहीच चुकले नाही. पण वर्गातली दहा-बारा मुले बेरजेतही अंशात अंश आणि छेदात छेद मिळवत होती. त्यांच्या लेखी १/२ + १/३ म्हणजे २/५. गुणाकारात वरच्याला वरच्याने आणि खालच्याला खालच्याने गुणायचे असते, आणि तेथे ते बरोबरच असते. त्यामुळे आपली रीत योग्य आहे, अशी या मुलांची खात्री पटली. मी परत आले तेव्हा जी चूक पूर्वी चार दिवसांत सुटली असती, ती सोडवायला दीड महिना लागला.

म्हणून घटकापुढे शेरा लिहिण्याआधी एक लहान चाचणी घे. फळा कोरा ठेवून, वह्या बंद करायला लावून कागदाच्या चिठ्ठीवर तीनच उदाहरणे सोडवून घे आणि त्याखाली एक प्रश्न विचार : १/२ मध्ये १/३ मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा मोठे येईल की लहान? २/५ हे अर्ध्यापेक्षा लहान आहे. अर्ध्यात भर घालून अर्ध्याहून कमी उरते, यातली विसंगती ज्याला दिसते त्याला अपूर्णांकाचा आकार कळला आहे, मग आकडेमोड चुकली तरी चालेल. चिठ्ठ्या गुणांसाठी तपासू नकोस. चुकीच्या जातीप्रमाणे त्यांचे ढीग कर. मग टिपणातला परिच्छेद साधारण असा होईल :

'भिन्न छेदांची बेरीज. कागदी पट्ट्या दुमडून सममूल्य अपूर्णांक झाले. लसावि काढून समच्छेद करणे चार तासिका शिकवले. चिठ्ठीवरच्या चाचणीत चाळीसपैकी सव्वीस जणांना जमले. नऊ जण अंश-अंश आणि छेद-छेद मिळवतात. पाच जण छेद बरोबर ६ करतात, पण अंश तसाच ठेवतात आणि १/६ + १/६ = २/६ असे लिहितात. पट्ट्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत. या चौदा जणांपैकी निम्म्यांहून अधिक सावरेपर्यंत गुणाकार सुरू करू नये.'

नऊ आणि पाच हे ढीग वेगळे ठेवण्याला कारण आहे. नऊ जणांना पट्ट्यांकडे परत न्यावे लागते, कारण त्यांच्या मनात अपूर्णांक ही एक संख्या नसून एकावर एक लिहिलेल्या दोन संख्या आहेत. पाच जणांना पट्ट्यांची गरज नाही. छेद कितीपट झाला, हे बाजूला लिहून अंशही तितकेच पट करण्याची सवय लावली की पुरते. तुझ्या जागी येणाऱ्या व्यक्तीला हा फरक स्वतः शोधायला दोन-तीन आठवडे लागतील. तुला तो आज माहीत आहे आणि लिहायला चार ओळी पुरतात.

त्याच परिच्छेदात तू वापरलेली रीतही लिही. समच्छेद करण्यासाठी तू लसावि वापरतेस. काही शिक्षक थेट तिरकस गुणाकार शिकवतात. दोन्ही बरोबर आहेत, पण अर्धवट समजलेल्या मुलासमोर दुसरी रीत आली की ते दोन्हींची खिचडी करते. निदान हा घटक संपेपर्यंत तुझीच रीत चालू ठेवावी, अशी स्पष्ट विनंती कर. पुढच्या घटकांसाठी मात्र अशी विनंती करू नकोस, त्यांचा वर्ग आहे, त्यांना मोकळे राहू दे.

सगळ्या रजेचे तासिकावार नियोजन करण्यात तू जे श्रम घेतले आहेस, ते मला अनाठायी वाटतात. पहिले तीन आठवडे तासिकावार दे, कारण तेवढाच काळ तुला आजच्या वर्गावरून दिसतो. त्यापुढे घटकांचा क्रम आणि कोणता घटक कशावर उभा आहे, एवढेच पुरे : दशांश अपूर्णांक पक्के झाल्याशिवाय शेकडेवारी घेऊ नये, आणि वेळ कमी पडला तर आलेखांचा भाग आटोपता घेता येईल, अपूर्णांकांचा नाही. शिवाय बाळ तारीख पाहून येत नाही. तेव्हा हे टिपण ठरलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधीच हातात पडले तरी चालेल, अशा अवस्थेत ठेव आणि दर शुक्रवारी पहिला परिच्छेद बदलत जा.

गुणपत्रक देताना तुझ्या खुणांचा अर्थ लिही. रीत बरोबर आणि उत्तर चूक असेल तर तू अर्धे गुण देतेस, हे मुलांना ठाऊक आहे आणि नव्या शिक्षकांना नाही. पहिल्याच चाचणीनंतर वाद होतो तो यावरून. कोरी चौकट म्हणजे गैरहजर की शून्य, हेही सांग.

मुलांविषयीच्या मजकुरात 'आळशी', 'हुशार' असे शब्द आहेत, ते काढ. 'फळ्यावर बोलावले की गप्प होतो, जागेवर विचारले तर उत्तर देतो' हे उपयोगाचे आहे. घरची परिस्थिती आणि आजारपण टिपणात लिहू नकोस, कागद कोणाच्याही हाती पडतो. वर्गात जे करायचे तेवढेच लिही, जसे की 'पहिल्या बाकावर बसवावे', आणि बाकीचे ज्यांना कळणे आवश्यक आहे त्यांना समक्ष सांग.

शक्य झाले तर शेवटच्या आठवड्यात एक तासिका त्यांना घेऊ दे आणि तू मागे बस. टिपणात काय राहिले, हे त्या चाळीस मिनिटांत उघड होते. रजेत शंका आल्या तर त्या विभागप्रमुखांकडे जातील, असे आत्ताच ठरवून घे. तुझा दूरध्वनी क्रमांक टिपणात नको. आणि एक कोरी वही त्यांना दे, रोजच्या तासिकेसाठी एकच ओळ : काय घेतले आणि कोठे अडले. परत आल्यावर तुला तीच वही लागेल.

अपूर्णांकांची चाचणी या आठवड्यात घेतलीस तर चिठ्ठ्या घेऊन ये. ढीग आपण दोघी मिळून करू.

तुझी,
एक जुनी सहकारी