तीनशे कॅरेक्टरच्या बॉक्सात स्वतःला कसं बसवायचं?

प्रश्न: सर, मी कळव्याला राहतो, एस.वाय. बी.एस्सी. आयटीला आहे. एका ट्रस्टच्या स्कॉलरशिप फॉर्ममध्ये 'तुमची निवड का करावी?' असा बॉक्स आहे, मराठीतच लिहायचंय, लिमिट 300 कॅरेक्टर. मी दीड पान लिहिलं होतं, अक्षरं मोजून मोजून कमी केली तरी पेस्ट केलं की शेवट कापला जातो. माझा मजकूर सोबत पाठवतोय. काय करू?

उत्तर: आधी मोजण्याचा घोळ सोडवू, कारण तू अक्षरं डोळ्यांनी मोजतोयस आणि बॉक्स तसं मोजत नाही. बहुतेक फॉर्मना मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं दिसतं आणि स्पेस, स्वल्पविराम पण धरले जातात. तू आयटीचा आहेस ना, मग ब्राउझरमध्ये F12 दाबून कन्सोलवर हे टाकून बघ:

```
"शिष्यवृत्ती".length
```

उत्तर 11 येईल, आपल्याला दिसतात चारच. म्हणजे हाताने मोजलेली तीनशे अक्षरं बॉक्सच्या हिशोबात सातशेच्या पुढेही जाऊ शकतात आणि maxlength लावलेलं असलं की पेस्ट करताना जास्तीचा मजकूर काही न सांगता उडतो. त्यामुळे पेस्ट केल्यावर पहिलं काम काय तर शेवटचा शब्द बघायचा, पूर्ण आहे का. आणि मधे एंटर मारू नकोस, एकच पॅरा ठेव, कारण सबमिट होताना एक एंटर दोन कॅरेक्टर होऊन जातो आणि स्क्रीनवर बरोबर दिसणारा फॉर्म मग सर्व्हरवर अडकू शकतो.

आता मजकुराकडे येऊ. तुझं पहिलं वाक्य नाव, कॉलेज आणि पत्त्यात गेलंय, पण ते वरच्या रकान्यांत आहेच, टक्के आणि उत्पन्नाचा आकडा पण आहे, मग वाचणाऱ्याला तेच परत कशाला सांगायचं? ही सगळी वाक्यं सरळ काढ. नंतर तू लिहिलंयस 'आर्थिक परिस्थिती अत्यंत हलाखीची असल्यामुळे'. हे 42 कॅरेक्टर झाले आणि स्कॉलरशिप मागणारे बरेच जण नेमकं हेच लिहितात, त्यामुळे त्यातून तू दिसत नाहीस. 'वडील रिक्षा चालवतात.' हे 20 मध्ये होतं आणि घर डोळ्यासमोर येतं. मेहनती, जिद्दी, प्रामाणिक ही विशेषणं पण जाऊ देत, कारण वडिलांच्या ऑपरेशननंतर तू शिकवण्या सुरू केल्यास हे तू चक्क दुसऱ्या पानावर एका ओळीत उरकलंयस आणि खरं सांगू का, तुझ्या सगळ्या मजकुरात सगळ्यात वजनदार ओळ तीच आहे! ती वर आण.

अजून एक गोष्ट राहिली होती, पैसे मिळाले तर करणार काय. 'उज्ज्वल भविष्य घडवीन' यावर निवड करणारा माणूस काही ठरवू शकत नाही, त्याला वस्तू आणि काम सांग. तुझ्याच मजकुरातून मी असं जुळवलंय:

"वडील रिक्षा चालवतात. गेल्या वर्षी ऑपरेशनमुळे रिक्षा सहा महिने बंद होती. तेव्हापासून मी आठवीच्या मुलांना गणित शिकवून स्वतःची फी भरतो. प्रोग्रामिंगची प्रॅक्टिस फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये होते, तीही पाचपर्यंत. या रकमेतून जुना लॅपटॉप घेईन आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट घरी पूर्ण करेन."

हे स्पेस धरून 278 होतात. उरलेले 22 मुद्दाम मोकळे ठेवलेत, ते भरायच्या मागे लागू नकोस, एखादा शब्द बदलावासा वाटला तर तेवढी जागा हाताशी हवी. वाक्यं छोटी आहेत कारण 'असून', 'त्यामुळे', 'तसेच' असे जोडशब्द बरेच कॅरेक्टर खातात, पूर्णविराम एकातच भागतो. पण 'ऑपरेशनमुळे' मधला 'मुळे' मी ठेवलाय, तो काढला तर रिक्षा का बंद होती तेच कळणार नाही. जागा वाचवायला शब्द अर्धवट तोडणं, 'व्हॉट्सॲप मराठी' लिहिणं, हे अजिबात नको, त्यापेक्षा एक अख्खी गोष्ट सोडून दे. माझ्या मते शेवटी अजून काही काढावं लागलंच तर 'तीही पाचपर्यंत' काढ, शिकवणीचं वाक्य मात्र हलवू नकोस.

नोटपॅडमध्ये लिहून ठेव, थेट फॉर्ममध्ये बसून लिहू नकोस, सेशन संपलं की सगळं जातं. आणि यात जे लिहिलंय त्याबद्दल इंटरव्ह्यूला विचारू शकतात, म्हणून वडिलांचं डिस्चार्ज कार्ड आणि फीच्या पावत्या आत्ताच एका फाइलमध्ये काढून ठेव, शिकवणीला किती मुलं येतात, महिन्याला किती मिळतात तेही नीट लिहून ठेव.