रात्रीच्या डेटा लेबलिंगसाठी दिवसाची नोकरी सोडावी का?

प्रश्न : मी सांगलीत एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात ४ वर्षे ४ महिने काम करते आहे. पगार २०,५०० (मूळ वेतन १४,०००), हातात साधारण १८,६५० येतात. तीन महिन्यांपासून रात्री आणि रविवारी घरून डेटा लेबलिंगचे, म्हणजे एआयने दिलेली मराठी उत्तरे तपासून गुण देण्याचे काम करते, दर तासाला २५० रुपये. पहिल्या महिन्यात ९,०००, दुसऱ्यात २६,००० आणि तिसऱ्यात १३,००० मिळाले. आईची मधुमेहाची औषधे ईएसआयसीतून मिळतात. नोकरी सोडून हेच पूर्णवेळ करू का? एक संस्था ३५,००० रुपयांत याचे प्रशिक्षण व ‘खात्रीचे काम’ देते म्हणते, ते घेऊ का?

उत्तर : प्रशिक्षणाचे पैसे भरू नका आणि नोकरी निदान आठ महिने सोडू नका. पण या कामाचा दर कमी आहे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण तुमच्याच नोंदी वेगळे सांगतात.

२५० रुपये हा दर फक्त ज्या तासांचे पैसे मिळतात त्यांचा आहे. तुम्ही पाठवलेल्या वहीत न मिळालेल्या पैशांचे तासही लिहिले आहेत, आणि ती नोंद माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. नियमावली वाचणे, पात्रता चाचणी देणे, परत आलेले काम दुरुस्त करणे आणि काम येईल म्हणून पडदा उघडा ठेवून बसणे या सगळ्यात पहिल्या महिन्यात ४२, दुसऱ्यात २८ आणि तिसऱ्यात ४८ तास गेले. तेव्हा खरा दर पहिल्या महिन्यात तासाला ११५, दुसऱ्यात १९७ आणि तिसऱ्यात १३० रुपये पडतो. तिन्ही महिने मिळून ३१० तासांना ४८,००० रुपये, म्हणजे सुमारे १५५. उलट तुमचा पगार, त्यात कंपनी भरत असलेले भविष्य निर्वाह निधीचे १,६८० आणि ईएसआयसीचे ६६६ रुपये धरले, तर महिन्याचे २२,८४६ होतात आणि २०८ तासांना भागल्यावर तासाला ११० येतात. तासाच्या हिशेबात रात्रीचे काम जिंकते.

अडचण दरात नाही, कामाच्या पुरवठ्यात आहे. नोकरीइतके पैसे मिळवायला १५५ च्या दराने महिन्याला १४७ तास लागतील, तेही दर महिन्याला, आणि आजवरची तुमची सरासरी १०३ तासांची आहे. नोकरी सोडल्याने तुमचा वेळ वाढेल, काम वाढणार नाही. तिसऱ्या महिन्यात नेमके हेच दिसते : काम आटले तसा वाट पाहण्याचा वेळ वाढला आणि शंभर तासांतले जवळपास निम्मे फुकट गेले.

हे काम असे का आटते? एखाद्या कंपनीला तिच्या मॉडेलसाठी ठरावीक संख्येने मराठी उत्तरे तपासून हवी असतात. ती संख्या भरली की प्रकल्प बंद होतो आणि पुढच्या प्रकल्पात मराठी असेलच असे नाही. मोठ्यांनाही हे चुकत नाही. ॲपेन ही या क्षेत्रातली जुनी ऑस्ट्रेलियन कंपनी. २०२४ च्या जानेवारीत गूगलने तिच्याशी असलेला करार संपवत असल्याचे कळवले आणि मार्चपर्यंत ते काम थांबले. कंपनीची ही गत, तर तुमच्या-माझ्यासारख्या कंत्राटी माणसाला पूर्वसूचना मिळेल ही अपेक्षाच नको.

काम हातात असताना पैसे कुठे गळतात तेही पाहू. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात वांग्याच्या भरताची कृती विचारली आहे आणि दोन उत्तरांची तुलना करून गुण द्यायचे आहेत. पहिले उत्तर वांगे गॅसवर भाजून साल काढायला सांगते. दुसरे ओव्हनचे तापमान देते आणि त्याची मराठी ‘आपले वांगे तयार करा’ अशा थाटाची आहे. तुम्ही पहिल्याला पसंती दिलीत ते बरोबरच, पण कारण लिहिलेत ‘उत्तर अधिक चांगले व समजण्यास सोपे आहे’, आणि परीक्षकाने ते परत पाठवले. इथे कोणत्या वाक्यात काय चुकले आणि ते नियमावलीतल्या कोणत्या निकषात बसते, हे लिहावे लागते. घाईत हे कारण चॅटबॉटकडून लिहून घेण्याचा मोह अनेकांना होतो. ते पकडले गेले तर खाते बंद होते आणि शिल्लक रक्कम अडकते. ध्वनिमुद्रणावरून मराठी लिहून काढण्याचे कामही तुम्हाला देऊ केले आहे, त्यात दर ‘ध्वनीच्या तासाला’ आहे हे नीट वाचा. एक तासाचे मुद्रण वेळेच्या खुणांसह उतरवायला चार तास तरी लागतात, आणि मागे कुकरच्या शिट्ट्या असल्या तर जास्तच. त्यामुळे त्यांचे ६०० रुपये म्हणजे तुमचे तासाला १५० किंवा त्याहून कमी.

आता त्या ३५,००० बद्दल. काम देणारे खरे मंच नियमावली आणि चाचणी फुकट देतात, कारण गरज त्यांना असते. काम देण्यासाठी जो पैसे मागतो, त्याचा धंदा पैसे मागणे हाच असतो. माझ्या एका अशिलाने अशाच ‘खात्रीच्या’ कामासाठी ९० टक्के अचूकतेच्या अटीचा करारनामा सही केला होता. काम मुद्दाम नापास करण्यात आले, आणि मग व्हॉट्सॲपवर ‘वकिलाची नोटीस’ येऊन करारभंगाचे ५,९०० रुपये मागण्यात आले. घाबरून त्याने ते भरले, आठवड्याने आणखी मागणी आली. असे झाल्यास पैसे न भरता १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. अशा मंचावर मंजूर झालेले दुसऱ्याचे खाते भाड्याने घेणे किंवा आपले बँक खाते दुसऱ्याची मिळकत जमा करायला देणे, हे तर मुळीच करू नका.

आठ महिन्यांचे कारण असे. पाच वर्षे पूर्ण झाली की तुमची ग्रॅच्युइटी लागू होते. १४,००० च्या मूळ वेतनावर ती १४,००० × १५ ÷ २६ × ५ म्हणजे सुमारे ४०,३८५ रुपये होते. आज राजीनामा दिलात तर ही रक्कम पाण्यात जाईल. त्याहून मोठा प्रश्न आईचा आहे. नोकरी गेली की ईएसआयसीचे छत्र पुढे फार काळ टिकत नाही, आणि नव्या आरोग्य विम्यात आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. म्हणून नोकरी असतानाच आईसाठी विमा घ्या. तो काळ तेव्हापासूनच मोजला जाऊ लागेल. हप्ता रात्रीच्या मिळकतीतून भरा आणि उरलेले सहा महिन्यांच्या घरखर्चाइतके होईपर्यंत आवर्ती ठेवीत टाका.

या आठ महिन्यांत वही अशीच ठेवा. त्यातले सर्वांत वाईट सलग तीन महिने निवडून त्यांची सरासरी २३,००० च्या वर राहिली, तरच राजीनाम्याचा विषय माझ्याकडे घेऊन या. मधल्या काळात लेखाविषयक कामांची पात्रता चाचणी देऊन पाहा. जमाखर्चाची चूक पकडू शकणारी मराठी माणसे थोडी असल्यामुळे तिथला दर सर्वसाधारण तुलनेच्या कामापेक्षा चांगला असतो, आणि तुमची चार वर्षांची नोकरी तिथे कामी येईल.

दोन गोष्टी याच आठवड्यात करा. नेमणूकपत्रात इतर काम करण्यास मनाई आहे का ते वाचा, आणि असेल तर लेखी परवानगी मागा. दुसरे म्हणजे, ही मिळकत पगारात धरता येत नाही. ती व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवावी लागते, त्यामुळे आयटीआर-१ चालणार नाही. दरवर्षी तो फॉर्म तुम्ही स्वतःच भरता असे लिहिले आहे. यंदा मात्र सनदी लेखापालाकडे जा, आणि बँकेत आलेल्या प्रत्येक रकमेची पावती सोबत न्या.