जानेवारीत स्टार बदलणार म्हणून एसीची खरेदी थांबवू का? (माझं उत्तर जरा लांबलंय)

*"जळगावला वरच्या मजल्यावरच्या बेडरूमसाठी दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घ्यायचाय. दुकानदार आत्ताचा फाइव्ह स्टार ३८ हजारात देतोय. पण १ जानेवारी २०२६ पासून स्टारचे नियम बदलणार म्हणे. नवा येईपर्यंत थांबू, की मार्चच्या सेलची वाट बघू? वापर फक्त रात्री, उन्हाळ्यात. मशीन आठ वर्षं तरी चालावं."*

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि २०२२ सालचा भुसावळचा उन्हाळा आठवला. अगदी हाच प्रश्न मला २०२१ च्या डिसेंबरात पडला होता. मी थांबलो, आणि चूक झाली. थांबणं ही अर्धीच चूक होती. खरी चूक पुढे केली, तीच आधी सांगतो.

तेव्हाही जानेवारीत नवे स्टार येणार अशी चर्चा होती. दुकानदार ४१ हजाराला द्यायला तयार होता. मी म्हटलं, महिन्याभरात नवीन पिढीचं मशीन मिळत असेल तर जुनं कशाला? मग ती तारीख जानेवारीवरून जुलैवर गेली. तोवर मार्च उजाडला. त्या साली देशभर मार्च इतका तापला की १९०१ पासूनच्या नोंदींत तसा दुसरा नव्हता. आमच्या वरच्या खोलीचा स्लॅब रात्री बारालाही हाताला गरम लागायचा, आणि आईला रक्तदाबाचा त्रास. एप्रिल-मे कूलरवर निघाला. आपल्याकडची हवा तेव्हा कोरडी असते, त्यामुळे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खरंच चांगलं काम करतो. पण जूनमध्ये ढग आले, हवेत दमटपणा वाढला आणि कूलर नुसता ओला वारा फेकायला लागला. खानदेशात एसीची खरी गरज कूलर हरतो त्या दिवसांत असते. थांबण्याची किंमत धरायची असेल तर ती तिथे धरा.

जुलैत नवे स्टार लागू झाले. मी त्याच आठवड्यात गेलो, "नवीन फाइव्ह स्टार द्या" म्हणालो आणि ४६ हजार मोजले. ऑक्टोबरात शालकाच्या घरी त्याच्या एसीचं लेबल सहज वाचलं. घरी येऊन माझं वाचलं. कमी विजेत किती गारवा हे सांगणारा आकडा होता ४.५२, आणि लेबलवर छापलेला कालावधी जूनमध्येच संपलेला! म्हणजे मला स्टार ठरवायच्या जुन्या तक्त्यातला फाइव्ह स्टार नव्या फाइव्ह स्टारच्या भावात विकला होता. नव्या तक्त्याप्रमाणे तो चार स्टारचा होता. डिसेंबरात ४१ ला मिळत होतं त्याच ताकदीचं मशीन मी सात महिने घाम गाळून पाच हजार जास्त देऊन घेतलं.

दुकानाने सांगितलं, कंपनीकडे जा. कंपनीच्या सेवा केंद्रात तीन महिने हेलपाटे घातले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. शेवटी उत्तर मिळालं की मशीन बनलं तेव्हा लेबल वैध होतं आणि फिटिंग झाल्यावर बदली होत नाही. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबरही असेल. पण माझ्याकडे भांडायला कागदच नव्हता. बिलावर फक्त "१.५ टन इन्व्हर्टर ५ स्टार" एवढंच. मॉडेल क्रमांक नाही, आकडा नाही. मला आजही राग येतो तो याचाच, की काउंटरवर दोन मिनिटं थांबून मी तेवढं लिहून घेतलं नाही. (कुणाचं आत्ता असं झालं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक आहे. मी तेव्हा लावला नव्हता, लावायला हवा होता.)

आता तुमच्याबद्दल. स्टार हा यंत्राचा कायमचा गुण नसतो. स्टार ठरवणारी सरकारी संस्था बीईई काही वर्षांनी तक्ता वर सरकवते. मशीन तेच राहतं, एक स्टार गळतो. कायम राहतो तो लेबलवरचा आयएसईईआर हा आकडा. वर्षभरात किती गारवा दिला भागिले किती वीज खाल्ली, एवढाच त्याचा अर्थ. २०१८ च्या तक्त्यात स्प्लिट एसीला पाच स्टारसाठी ४.५० लागत होते. जुलै २०२२ च्या तक्त्यात ५.००, आणि ४.४० ते ४.९९ म्हणजे चार स्टार. जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा तेच होणार, २०२५ चे बरेचसे फाइव्ह स्टार चारवर येतील. म्हणून दुकानात स्टार विचारूच नका, आकडा विचारा. दोन साली दोन दुकानांतले भाव मग एका मापाने तोलता येतात.

तुमचा हिशोब करून दाखवतो. मी या धंद्यातला नाही, आकडे ढोबळ आहेत, तुम्ही तुमच्या लेबलवरून दुरुस्त करा. समजा ३८ हजारवाल्या मशीनचा आकडा ५.१ आहे. दीड टनाच्या अशा मशीनच्या लेबलवर साधारण ७६० युनिट वर्षाला लिहिलेले असतात, पण ते वर्षाला १६०० तास वापर धरून. नवं मशीन ५.७ चं आलं असं धरू. त्याच गारव्याला ते ६८० युनिट घेईल. फरक ८० युनिटांचा.

पण तुम्ही १६०० तास कुठे लावणार? मार्च ते जून रात्री सात-आठ तास आणि ऑक्टोबरचे काही दिवस, म्हणजे ९०० तासांच्या आसपास. त्या प्रमाणात फरक ४५ युनिटांवर येतो. आपल्याकडचं ऊन आणि तापलेला स्लॅब यांमुळे मशीन लेबलच्या गृहीतापेक्षा जास्त राबतं, म्हणून मी ६० धरतो. आमच्या बिलात शंभराच्या वरचा युनिट सगळे आकार धरून बारा रुपयांच्या आसपास पडतो. वर्षाला वाचले ७२० रुपये. आठ वर्षांत पावणेसहा हजार.

म्हणजे नवं मशीन ४३-४४ हजारांच्या आत मिळालं तरच थांबण्याला अर्थ, आणि तेही आठ वर्षांनी जेमतेम बरोबरी. नव्या तक्त्याचा पहिला माल त्या भावात मिळेल असं मला वाटत नाही, कारण जास्त आकडा काढायला मोठी कॉइल आणि जास्त तांबं घालावं लागतं. माझं मत: ३८ चं घ्या, पण आकडा खरंच पाचच्या वर आहे हे बघून. उलट तुमचा दवाखाना किंवा दुकान असतं, मशीन वर्षातले आठ महिने रोज दहा-बारा तास चाललं असतं, तर मी स्वतः तुम्हाला थांबा म्हटलं असतं. तिथे हाच फरक वर्षाला दीड-दोन हजारांवर जातो आणि नवी पिढी तीन-चार वर्षांत पैसे फेडते.

थांबणं कधी शहाणपणाचं असतं याचं उदाहरण २०२५ सालचं आहे. पंधरा ऑगस्टच्या भाषणात जीएसटी कपातीची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून एसीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ४० हजारांच्या मशीनवर साधारण ३,१०० रुपये वाचले. तारीख पक्की, रक्कम मोजता येणारी, आणि मधले दिवस पावसाळी. तेव्हा पुतण्याला मी हाताला धरून थांबवलं. २०२२ मध्ये माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. तारीख ऐकीव, फायदा न मोजलेला, आणि मध्ये अख्खा उन्हाळा.

मार्चच्या सेलबद्दल मी जरा कडक बोलतो, राग मानू नका. मार्चपासून आखाजीपर्यंत आपल्याकडे मागणीच इतकी असते की दुकानदाराला भाव पाडायचं कारण नसतं. बँकेच्या कार्डावरची सूट मिळते, पण ती दिवाळीतही मिळते. शिवाय एप्रिलमध्ये फिटिंगवाला आठ-आठ दिवस येत नाही, आला की घाईत पाइप जोडतो, आणि वायू गळायला लागतो तो नेमका मे महिन्यात. खरा उतार डिसेंबर ते फेब्रुवारी असतो, आणि या वर्षी तर दुकानदारांना जुन्या लेबलचा माल काढायचा आहे. जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तेच मशीन आणखी हजार-दोन हजार खाली येऊ शकतं. तेवढ्यासाठी थांबायचं तर थांबा, पण फेब्रुवारीची शेवटची तारीख कॅलेंडरवर खूण करून. आणि बदलानंतर जुन्या लेबलचा माल कुणी "नवीन फाइव्ह स्टार" म्हणून दाखवला तर मागच्या तक्त्याचा भाव द्या, पुढच्याचा नको.

घेताना खोक्यावरचा बनावटीचा महिना आणि लेबलवरचा कालावधी दोन्ही बघा. `BEE Star Label` नावाचं अ‍ॅप आहे, त्यात मॉडेल शोधून आकडा जुळतो का पाहा. मग बिलावर घरातल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही युनिटांचे मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक आणि आयएसईईआर लिहून घ्या. दुकानदार "संगणकात तशी सोय नाही" म्हणाला तर पेनाने लिहून शिक्का मारायला सांगा. माझे तीन महिने या एका ओळीअभावी गेले.

आणखी एक. थंडीत बसवलेलं मशीन लोक झाकून ठेवतात आणि थेट मार्चमध्ये चालू करतात. तसं करू नका. बसवल्यावर त्याच आठवड्यात दुपारी दोन-तीन तास १८ वर चालवा, बाहेरच्या युनिटच्या जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा, पाण्याची नळी नीट वाहते का बघा. चूक असेल तर जानेवारीत कारागीर मोकळा असतो. तुमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझरचं आधी पाहून घ्या, त्याचे पैसे ३८ हजारांत धरलेले नसतात.

लेबलचा फोटो टाकलात तर तुमच्या आकड्यांवर हिशोब पुन्हा करून देतो. खोलीच्या वर गच्ची उघडी आहे का, तेही लिहा.