भाड्याच्या ड्रेसवर डिपॉझिट किती घ्यावं आणि नुकसान कसं कापावं?

प्रश्न: मी नागपुरात घरूनच फॅन्सी ड्रेसचे कपडे भाड्याने देते. डिपॉझिट जास्त सांगितलं की गिऱ्हाईक निघून जातं, कमी घेतलं की सामान तुटकं-फाटकं परत येतं आणि पैसे कापताना भांडण होतं. तुम्ही हे नियम कसे ठेवता?

उत्तर:

ताई, इथेच महाल भागात माझं ड्रेपरीचं, म्हणजे भाड्याच्या पोशाखांचं, छोटं दुकान आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही तुमच्यासारखाच अंदाजाने आकडा सांगायचो. चेहरा ओळखीचा असला तर दोनशे, नसला तर हजार. भांडणं व्हायची ती यामुळेच. डिपॉझिट कमी की जास्त, हा प्रश्न नंतरचा होता.

पहिल्यांदा हे पाहा की आपल्याकडे बुडतं काय. पूर्ण ड्रेस घेऊन कोणी पळून गेलं, असं माझ्याकडे क्वचितच झालं. जातात ते सुटे तुकडे. शिवाजी महाराजांचा सेट घ्या. माझ्याकडे त्याची आजची किंमत 2,600 रुपये पडते. त्यात अंगरखा-सुरवार 1,100, शेला 200, जिरेटोप 450, मोत्यांचा कंठा 150, तलवार-म्यान 350, मोजडी 250 आणि दाढी-मिशी 100. एका दिवसाचं भाडं 350. आता 350 भाड्याच्या वस्तूला 2,600 डिपॉझिट मागितलं तर कोणती आई देईल? आणि तेवढं मागायची गरजही नाही, कारण एका वेळी सगळं काही हरवत नाही. म्हणून मी कापड सोडून जे दोन सर्वांत महाग सुटे तुकडे असतात, त्यांची बेरीज डिपॉझिट म्हणून घेतो. इथे जिरेटोप 450 आणि तलवार 350, म्हणजे 800. कृष्णाच्या सेटला मुकुट आणि बाजूबंदाची जोडी. गरब्याच्या चनिया-चोलीला सुटे तुकडे फारसे नसतात, तिथे ओढणी आणि घेराला नवी लेस लावण्याचा खर्च धरा. असा हिशोब असला की गिऱ्हाइकाला "का?" याचं उत्तर देता येतं, आणि उत्तर मिळालं की माणूस फारसा घासाघीस करत नाही.

ही तुकड्यांची किंमत कागदावर लिहून पावतीच्या मागे छापा. हाच तुमचा खरा नियम. "नुकसान झाल्यास डिपॉझिट जप्त" असं एक वाक्य लिहून ठेवणं सोपं वाटतं, पण ते कामाचं नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 सांगतं की करारात रक्कम लिहिली असली तरी त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर उघडउघड अवाजवी डिपॉझिट आणि नुकसानीच्या मानाने फारच मोठा दंड, हे दोन्ही 'अन्याय्य करारा'च्या व्याख्येत घातलेले आहेत. साठ रुपयांच्या कमरपट्ट्यासाठी आठशे जप्त करणं कायद्यालाही पटत नाही आणि गिऱ्हाइकालाही.

आता माझी एक चूक सांगतो. दोन वर्षं वापरलेल्या अंगरख्यावर एका बाईंनी घरी इस्त्री फिरवली. साटीन होतं, छातीवर इस्त्रीच्या आकाराचा डाग वितळून बसला. मी कपड्याची पूर्ण किंमत, 1,100 रुपये सांगितले. त्या म्हणाल्या, "अजी दादा, नव्याचे पैसे घेऊन राह्यले नं, मंग हा जुना अंगरखा मले द्या." मला उत्तर सुचेना. बाईंचं बरोबर होतं. त्या दिवसापासून दोन गोष्टी लिहिल्या. एक वर्षाच्या वर वापरलेल्या तुकड्याचे अर्धेच पैसे. आणि ज्याचे पूर्ण पैसे घेतले, ती खराब वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. अर्ध्या दराचा नियम चालावा म्हणून प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला मी पक्क्या शाईने सेटचा नंबर आणि खरेदीचं वर्ष लिहितो. वर्ष दिसलं की वादच उरत नाही.

फाटणं आणि झिजणं यातला फरक मात्र डोळ्यांनी शिकावा लागतो. कपडा शिवणीवरून उसवला असेल तर कडेला सुईची भोकं रांगेत दिसतात आणि कापड शाबूत असतं. ते आपल्या शिलाईचं काम, त्याचा एक रुपया कापू नका. कापडाचे धागे आडवे तुटून दसे निघाले असतील तर ते कुठेतरी अडकून ओढलं गेलंय. काखेत फाटलं असेल तर आधी स्वतःला विचारा, माप लहान तर नव्हतं दिलं? गळ्याला मेकअप, घामाचा वास, घेराच्या खालच्या कडेला धूळ, हे सगळं भाड्यातच धरायचं असतं. भाडं ठरवताना धुलाई धरलीच पाहिजे. गुलाल, मेहंदी, आलता आणि तेलाचे डाग वेगळे. तिथे मी ड्रायक्लीनवाल्याचं खरं बिल दाखवतो आणि तेवढंच घेतो.

"घरी धुऊन, इस्त्री करून आणू नका" ही ओळ मात्र मोठ्या अक्षरात लिहा. लोक चांगुलपणाने धुतात आणि गोंदाने चिकटवलेले मोती, टिकल्या बादलीत राहतात. लाल काठाचा रंग पांढऱ्यात उतरतो तो वेगळाच.

देताना पांढऱ्या चादरीवर सगळे तुकडे मांडून एक फोटो काढायचा आणि यादीसकट गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवायचा, हे माझ्या बायकोचं काम. आधीपासून असलेला डाग किंवा निघालेली लेस तिथेच लिहायची. परत घेताना गिऱ्हाइकासमोर मोजायचं, उजेडात. नवरात्रात रात्री बारा-एकला ड्रेस परत येतात. ट्यूबलाइटखाली मेहंदीचा डाग दिसत नाही, म्हणून रात्री आलेला ड्रेस ठेवून घेतो आणि डिपॉझिट दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत परत. पावतीवर तसं लिहिलं आहे. पण एकदा डिपॉझिट परत दिलं की मग काहीही सापडलं तरी फोन करायचा नाही. आपण नीट पाहिलं नाही, तो आपला तोटा.

एक शाळेचं उदाहरण पूर्ण सांगतो, कारण गॅदरिंगच्या दिवसांत तुमच्याकडेही अशा ऑर्डरी येतील. वीस मावळ्यांचे सेट. प्रत्येकात बाराबंदी 350, शिवलेलं धोतर 250, पगडी 180, कमरपट्टा 60, लाकडी तलवार 90 आणि ढाल 110. भाडं सेटमागे 150, म्हणजे 3,000. वीस वेळा डिपॉझिट मागितलं तर शाळा देत नाही. म्हणून भाड्याएवढंच, 3,000 ठोक घेतलं आणि शाळेच्या लेटरहेडवर एका बाईंचं नाव जबाबदार म्हणून लिहून घेतलं. प्रत्येक सेट नंबरच्या पिशवीत.

परत आले तेव्हा 120 तुकड्यांऐवजी 116 निघाले. एक पगडी आणि तीन कमरपट्टे गायब. दोन तलवारी मोडलेल्या, एक धोतर उसवलेलं, एक बाराबंदी फाटलेली, पाच-सहा ढालींचा रंग खरवडलेला. बाई घाबरल्या, त्यांना वाटलं तीन हजार गेले. हिशोब असा झाला. पगडी जुनी, तिचे अर्धे, 90. कमरपट्टे त्याच हंगामात घेतलेले, तीनांचे 180. एका तलवारीची मूठ आम्ही चिकटवलेल्या जागेवरून निघाली होती, तिचं काही नाही. दुसरीचं पातं मधून तुटलं होतं, 90. धोतर शिवणीवरून, काही नाही. बाराबंदीचं कापड फाटलेलं, पण रफू होऊ शकत होतं, शिंप्याचे 40. ढालींचा रंग म्हणजे झीज, मुलं लढाई करणारच. एकूण 400 कापले, 2,600 परत. चार दिवसांनी बाईंना स्टेजमागे दोन कमरपट्टे सापडले. सात दिवसांत वापरता येईल अशी वस्तू आणली तर तिचे पैसे परत, हा नियम आहे, तेव्हा 120 रुपये परत गेले. पुढच्या वर्षीची ऑर्डर न विचारता आली.

उशिराचा नियम वेगळा ठेवा, तो नुकसानीत मिसळू नका. साध्या दिवशी मी जास्तीच्या प्रत्येक दिवसाला अर्धं भाडं घेतो आणि सेटच्या किमतीच्या वर कधीच जात नाही. पण तान्हा पोळा, 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, शिवजयंती या दिवसांच्या आसपास तोच ड्रेस दुसऱ्या दिवशी कोणालातरी दिलेला असतो. 18 फेब्रुवारीला गेलेला महाराजांचा सेट 19 ला सकाळी आला नाही, तर मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला तोंड काय दाखवू? तेव्हा पावतीवर "पुढची बुकिंग आहे" असं लिहून परतीची वेळ टाकतो आणि उशीर झाला तर पूर्ण भाडं कापतो. वेळ तासात लिहा. "उद्या" म्हणजे कोणासाठी सकाळ असते, कोणासाठी ऑफिस सुटल्यावर.

पैशाचं थोडं. भाडं आणि डिपॉझिट यूपीआयवर दोन वेगळ्या रकमांनी घ्या. डिपॉझिट जोवर परत द्यायचं आहे तोवर ते तुमचं उत्पन्न नाही. जीएसटीतही ते भाड्यात वळतं केलं तरच मोबदला धरलं जातं, तेव्हा वहीत दोन रकाने हवेतच. परत करताना ज्या नंबरवरून आलं त्याच नंबरवर. पैसे आईने दिलेले असतात, ड्रेस काका आणतो आणि रोख मागतो, मग संध्याकाळी आईचा फोन येतो. आधार कार्ड अनामत म्हणून ठेवून घेऊ नका. हरवलं तर नवीच डोकेदुखी. नाव-पत्ता-फोन पाहून लिहून घेतला की पुरे.

भारी वस्तूंना मात्र हा हिशोब लागू होत नाही. पैठणी किंवा चांदीचा मुलामा दिलेले दागिने असतील तर किमतीच्या निम्मं तरी डिपॉझिट घ्या, नाहीतर अनोळखी माणसाला देऊच नका. मी देत नाही.

हंगाम संपला की वही काढून बसा आणि कोणत्या तुकड्याचे पैसे वारंवार कापले गेले ते पाहा. माझ्याकडे कृष्णाची बासरी निघाली. वीस रुपयांच्या बासरीसाठी दर जन्माष्टमीला दहा मिनिटांचं भांडण. आता कृष्णाच्या ड्रेसचं भाडं वीस रुपयांनी वाढवलंय आणि बासरी पोराला तशीच देऊन टाकतो. दाढी-मिशीचंही तेच करायच्या विचारात आहे. तशीही दुसऱ्याच्या तोंडाला लावलेली दाढी कोणी खुशीने लावत नाही.