200 ची एनएव्ही महाग आणि 10 ची स्वस्त? पैसे हलवायच्या आधी हे बघा

प्रश्न: सर, मी खानापूरहून. निफ्टी 50 च्या इंडेक्स फंडात साडेतीन वर्षं महिना 4000 ची एसआयपी चाललीय, डायरेक्ट प्लॅन, आता 2 लाख झालेत. त्याची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, 200 आहे. बँकेतला ओळखीचा माणूस म्हणतोय की हे आता महाग झालंय, निफ्टीचाच नवा फंड येतोय 10 रुपयाला, सगळं तिकडं घाला, युनिट लई मिळतील. हलवू काय?

उत्तर:

ताई, नका हलवू.

युनिट लई मिळतील हे त्याचं खरंच आहे, 2 लाखाला आत्ता तुमच्याकडं 1000 युनिट आहेत आणि तिकडं 20,000 मिळतील. पण उद्या निफ्टी 1 टक्का वाढला तर तुमचं युनिट 200 चं 202 होणार आणि त्याचं 10 चं 10.10, आता गुणून बघा, दोन्हीकडं 2000 रुपयेच वाढले. एक किलो कुंदा पाव-पाव किलोच्या चार पुड्यांत बांधला म्हणून तो सव्वा किलो होत नाही की ओ.

फंडाकडं असलेल्या शेअरची त्या दिवसाची बाजारातली किंमत, त्यातून देणी आणि खर्च वजा, आणि राहिलेल्याला एकूण युनिटांनी भागायचं, एवढीच एनएव्ही. नवा फंड 10 पासून सुरू होतो कारण सुरुवातीचा आकडा तेवढा ठरवलेला असतो, बाकी काही नाही. ते तुमचे 10 रुपये घेऊन बाजारात जाणार आणि तेच 50 शेअर आजच्याच भावाने घेणार, तुमच्या जुन्या फंडाला काय वेगळा भाव लागत नाही. लोक इथं आयपीओशी गल्लत करतात, तिथं शेअर लिस्ट होताना भाव उसळू शकतो, पण एनएफओत, म्हणजे नव्या फंडाच्या पहिल्या विक्रीत, उसळायला काही नसतंच.

मग स्वस्त-महाग कशावरनं बघायचं, तर एक्सपेन्स रेशोवरनं, म्हणजे टीईआर. हा फंड चालवायच्या खर्चाचा वर्षाचा टक्का असतो पण कापतात रोज थोडा थोडा, आणि एनएव्ही जाहीर व्हायच्या आधीच, म्हणून स्टेटमेंटमधल्या व्यवहारांत तो कापल्याची वेगळी ओळ दिसत नाही, आणि म्हणूनच कुणी विचारत पण नाही. समजा तुमच्या डायरेक्ट इंडेक्स फंडाचा टीईआर 0.20 टक्के आहे आणि तो सांगतोय त्या रेग्युलर प्लॅनचा 0.80. पहिल्या वर्षी 2 लाखावर फरक साधारण 1200 रुपयांचा, म्हणजे किरकोळ वाटतो. पण दोन्ही फंडातले शेअर खर्चाआधी वर्षाला 12 टक्के वाढले असं धरलं (हे फक्त हिशोबाला, गॅरंटी कुणाचीच नाही), तर 15 वर्षांनी तुमचे साधारण 10 लाख 66 हजार होतात आणि तिकडं 9 लाख 83 हजार. शेअर तेच, निफ्टी तोच, आणि 83 हजार गेले नुसत्या खर्चात. रेग्युलर प्लॅनच्या त्या जादा खर्चातनंच विकणाऱ्याला दरवर्षी कमिशन जातं, डायरेक्टमध्ये त्याला काहीच मिळत नाही, तेव्हा तो तुमचा फंड महाग का म्हणतोय ते तुम्हीच बघा.

मजा बघायची असेल तर कुठल्याही जुन्या फंडाच्या डायरेक्ट आणि रेग्युलर प्लॅनची आजची एनएव्ही शेजारी शेजारी ठेवा. शेअर एकच, मॅनेजर एकच, पण डायरेक्टची एनएव्ही जास्त दिसेल. 2013 च्या जानेवारीत डायरेक्ट प्लॅन आले तेव्हापासनं त्यात खर्च कमी कापला जातोय म्हणून ती पुढं गेलीय. म्हणजे इथं जास्त एनएव्हीवालाच प्लॅन स्वस्त!

एक चूक मात्र करू नका, जाहीर झालेल्या रिटर्नमधून टीईआर परत वजा करायचा नाही, तो आधीच कापलेला असतो. आणि मॅनेजर स्वतः शेअर निवडतो त्या फंडात कमी टीईआर म्हणजे चांगला फंड असं डोळे झाकून म्हणता येत नाही, तिथं जादा खर्च भरून काढणारे पण असतात. पण इंडेक्स फंडात दोघं तेच शेअर घेणार, त्यामुळं खर्च आणि निफ्टीच्या किती जवळ राहतो एवढंच बघायचं. नव्या फंडाला मागचा रेकॉर्डच नसतो, मग जवळ राहतो का हे कशावरनं कळणार?

टॅक्सचं म्हणाल तर तुमच्या केसमध्ये तो फार नाही. वर्षावरच्या युनिटांचा नफा वर्षाला सव्वा लाखाच्या आत असला तर आत्ताच्या नियमाने टॅक्स नाही, पण एसआयपीचा प्रत्येक हप्ता स्वतःची तारीख धरतो, म्हणून शेवटच्या 12 महिन्यांत घेतलेल्या युनिटांवर नफा असेल तर त्यावर 20 टक्के लागेल. स्विच म्हटलं तरी ती विक्रीच धरतात.

तेव्हा एसआयपी आहे तिथं चालू राहू दे. फंड कंपनीच्या साइटवर तुमच्या प्लॅनचा टीईआर बघून ठेवा आणि तो माणूस परत आला तर नव्या फंडाचा टीईआर किती आणि प्लॅन रेग्युलर की डायरेक्ट एवढंच विचारा, एनएव्हीवर बोलायला लागला तर चहा पाजून पाठवा.