मेटाबॉलिझम मेलंय का?

“मॅडम, सव्वा वर्षात 84 वरून 66 किलोवर आले. आता सहा आठवडे काटा जागचा हलत नाही. जिममधला ट्रेनर म्हणतो, तुमचं मेटाबॉलिझम मेलंय. खरं का?”

मेलेलं नसतं, पण थोडं आवरतं घेतलेलं असू शकतं. किती, ते मोजून कळतं. म्हणून आधी बाईंची डेक्सा, म्हणजे शरीरातली चरबी आणि बाकीचं वजन वेगवेगळं मोजणारी क्ष-किरण तपासणी, करून घेतली. चरबी सोडून उरलेलं वजन 41 किलो निघालं. त्याला 21.6 ने गुणून 370 मिळवले की पडून राहिलेल्या शरीराला दिवसाला लागणाऱ्या कॅलरींचा अंदाज येतो: सुमारे 1255. मग रात्रभर उपाशीपोटी, चहासुद्धा न घेता, डोक्यावर पारदर्शक टोप घालून श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजला. आकडा आला 1130, म्हणजे 125 कमी.

इथे चूक माझी झाली. चाचणीआधीचे दिवस कसे गेले हे मी विचारलंच नव्हतं. नंतर कळलं की काटा हलेना म्हणून घाबरून बाई दहा दिवस जेमतेम 800 कॅलरींवर होत्या. इतकं कमी खात असताना शरीर खर्च आखडतंच, त्यामुळे ती तूट फुगून दिसते. त्यांना चार आठवडे पोटभर, वजन स्थिर राहील इतकं खायला लावलं आणि पुन्हा मोजलं. या वेळी 1200. उरलेली 55 ची तूट यंत्राच्या आणि सूत्राच्या चुकीतही बसते. तसंही ही सूत्रं बहुतेक पाश्चात्त्य लोकांवरून बांधलेली आहेत.

ट्रेनरची भीती बहुधा ‘द बिगेस्ट लूजर’ या अमेरिकी कार्यक्रमावरून आली असावी. त्यातल्या 14 स्पर्धकांवरचा अभ्यास 2016 मध्ये आला. सहा वर्षांनंतरही त्यांचा खर्च अंदाजापेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरींनी कमी होता. पण ते अत्यंत टोकाचा व्यायाम आणि आहार करून उतरलेले लोक. तो आकडा रोजच्या डाएटवाल्यांना लावणं मला पटत नाही.

मग काटा का अडला? एक तर 18 किलोंचं ओझं उतरलं की बसता-उठता, जिना चढताना खर्चच कमी होतो. त्यात बिघाड काही नाही. आणि दुसरं, तेल. वहीत रोज दोन छोटे चमचे लिहिले होते, म्हणजे 80 कॅलरी. मी विचारलं, “घरात लिटरची पिशवी किती दिवस पुरते?” “चौघांत आठ दिवस.” माणशी रोज 30 मिलीच्या वर, म्हणजे अडीचशे कॅलरी!

बाई क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “फोडणी सासूबाई घालतात, मी कसं मोजू?” त्यावर आमचा अर्धा तास गेला.