बेंझीन सपाट, मग सायक्लोऑक्टाटेट्राईन वाकडं का?

"दोन्हीत एकाआड एक डबल बाँड. मग एक स्थिर आणि दुसरं वाकडं कसं? लातूरला क्लासमध्ये ॲरोमॅटिक रेणूत 4n+2 π इलेक्ट्रॉन असतात, एवढंच नुसतं पाठ करून घेतलं."

वहीवर बांगडी ठेवून गोल काढा. त्यात षटकोन असा बसवा की एक टोक बरोबर खाली येईल. प्रत्येक टोक म्हणजे ऊर्जेची एक पातळी. मधल्या आडव्या रेषेच्या खालची टोकं बंध घट्ट करणारी, वरची तोडणारी. बेंझीनचे डबल बाँडमधले ६ π इलेक्ट्रॉन खालच्या ३ टोकांत जोडीजोडीने मावतात, एकही उरत नाही. म्हणून त्याचे सगळे बंध सारखे, सुमारे १.३९ अँगस्ट्रॉम.

आता अष्टकोन घ्या. ८ पैकी ६ इलेक्ट्रॉन खाली बसले. उरलेले २ बरोबर मधल्या रेषेवरच्या दोन टोकांवर, एकेकटे. सपाट राहण्यात फायदा काहीच नाही, शिवाय १३५ अंशांचा कोन ताणलेला. म्हणून रेणू टबासारखा दुमडतो. शेजारचे π बंध एकमेकांशी नीट जुळत नाहीत आणि चार साधे डबल बाँड उरतात: १.३४ आणि १.४७, एकाआड एक. त्यामुळे ब्रोमीनचा रंग ते लगेच घालवतं, बेंझीन नाही.

बरेच जण इथं त्याला अँटीॲरोमॅटिक, म्हणजे सपाट राहून अस्थिर झालेलं, लिहून मार्क घालवतात. दुमडल्यामुळे ते नॉन-ॲरोमॅटिक आहे.

त्याला पोटॅशियमकडून २ इलेक्ट्रॉन द्या. १० होतात, मधली टोकं भरतात आणि तोच रेणू सपाट होतो!